डब्ल्यूसी पॉलिसीच्या वेतन तपासणीनंतर जादा प्रीमियमची मागणी आली, तर उत्तर कसं द्यायचं

डब्ल्यूसी, म्हणजे कामगारांच्या नुकसानभरपाईच्या पॉलिसीचं वर्ष संपलं की विमा कंपनीचा तपासनीस येतो, ताळेबंद आणि पगाराचं खातं बघतो, दोन-चार झेरॉक्स घेऊन जातो. मग काही दिवसांनी पत्र येतं: तुम्ही जाहीर केलेलं वेतन कमी, प्रत्यक्षातलं जास्त, तेव्हा फरकाचा प्रीमियम अमुक दिवसांत भरा. वेर्णा, कुंडई, पिळर्ण अशा वसाहतींतले छोटे कारखानदार यावर बहुतेक दोनच गोष्टी करतात. काही जण कटकट नको म्हणून पूर्ण रक्कम भरून टाकतात. बाकीचे ‘सदर मागणी आम्हांस मान्य नाही’ असं दोन ओळींचं पत्र पाठवून गप्प बसतात. पहिल्यांचे पैसे जातात, आणि दुसऱ्यांच्या पत्राने कंपनीचा आकडा एका रुपयानेही हलत नाही. आकडा हलवायचा तर ताळमेळ पत्रक लागतं: ताळेबंदातल्या रकमेपासून निघून पॉलिसीला लागू असलेल्या वेतनापर्यंत पोचणारा, प्रत्येक पायरीला पुरावा जोडलेला हिशेब.

हे काम कसं करायचं ते एका नमुन्याच्या उदाहरणावरून पाहू. वेर्ण्यातलं एक भागीदारीतलं फॅब्रिकेशन युनिट आहे. पॉलिसीची मुदत १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. जाहीर केलेलं वेतन असं: वेल्डर, फिटर आणि उभारणीची माणसं मिळून १२ जण, ३६ लाख रुपये, दर हजारी १८ रुपये. ऑफिसातले ३ जण, १२ लाख रुपये, दर हजारी २ रुपये. भरलेला प्रीमियम ६७,२०० रुपये, अधिक जीएसटी. आता कंपनी म्हणते, ताळेबंदात ‘पगार व मजुरी’ ८० लाख आणि ‘लेबर चार्जेस’ २२ लाख, एकूण १०२ लाख. त्यातून जाहीर केलेले ४८ लाख वजा करून राहिलेल्या ५४ लाखांवर दर हजारी १८ प्रमाणे ९७,२०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १,१४,६९६ रुपये भरा. (दर आणि रकमा समजण्यापुरत्या घेतल्या आहेत. तुमचा दर तुमच्या पॉलिसीच्या शेड्यूलवर असेल.)

टप्पा १: पत्र हातात पडलं त्या दिवशी

पत्रावर आवक तारीख टाका. त्याच दिवशी कंपनीच्या शाखेला ईमेल करा आणि त्यात दोनच मागण्या ठेवा. पहिली, तपासनिसाच्या अहवालाची आणि हिशेबाच्या तक्त्याची प्रत. दुसरी, ती प्रत मिळाल्यापासून उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत. पत्रात बहुधा फक्त शेवटचा आकडा असतो, आणि तो कोणत्या खात्यांतून काढला हे कळल्याशिवाय उत्तर देणं म्हणजे अंधारात तीर मारणं. एजंटला किंवा ब्रोकरला प्रत जरूर पाठवा, पण ‘मी बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ असं तो फोनवर म्हणाला म्हणून थांबू नका. फोनवरच्या बोलण्याची नोंद फाइलला लागत नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट तपासा: या मुदतीतल्या एखाद्या अपघाताचा दावा कंपनीकडे प्रलंबित आहे का. असेल तर कमी वेतन जाहीर केल्याचा मुद्दा त्या दाव्यातही निघू शकतो. अशा वेळी उत्तर पाठवण्याआधी ते वकिलाच्या नजरेखालून घाला.

टप्पा २: पॉलिसी काढा आणि या जागा वाचा

शेड्यूल आणि अटी दोन्ही हव्यात. नुसतं प्रीमियमचं पान पुरत नाही.

प्रीमियम समायोजनाची अट सगळ्यात महत्त्वाची. भारतातल्या प्रचलित पॉलिसीत ती साधारण अशी असते: मुदतीत कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष दिलेलं वेतन, पगार आणि इतर कमाई यांवर प्रीमियम ठरेल, मुदत संपल्यापासून एका महिन्यात विमेदाराने त्याचा खरा हिशेब द्यावा, आणि फरक निघाला तर त्या प्रमाणात रक्कम भरावी किंवा परत मिळावी. म्हणजे तपासणीचा आणि फरक मागण्याचा कंपनीचा हक्क खरा आहे. तो नाकारण्यात शाई घालवू नका. वाद त्या हक्काचा नसतो, कोणतं वेतन मोजायचं याचा असतो. अट दोन्ही बाजूंनी चालते हेही लक्षात ठेवा. वेतन कमी भरलं तर परतावा मागता येतो, किमान प्रीमियमची मर्यादा सांभाळून.

दुसरी जागा म्हणजे कर्मचाऱ्यांचं वर्णन. प्रत्येक वर्ग, माणसांची संख्या, वेतन आणि दर. याच्या जोडीला पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मची तुमच्याकडची प्रत काढा. तुम्ही तेव्हा कोणाला धरलं होतं आणि कोणाला वगळलं होतं, याचा तोच लेखी पुरावा. तिसरी जागा, कंत्राटदाराच्या कामगारांसाठी वाढीव संरक्षण घेतलं होतं का. ते शेड्यूलवर किंवा पॉलिसीला जोडलेल्या वेगळ्या कागदावर, म्हणजे एंडोर्समेंटवर लिहिलेलं असतं.

आणि ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या. पॉलिसी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याला जोडलेली असेल, तर त्या कायद्यात पैशांत मोजता येण्यासारख्या सवलतीही वेतनात येतात. वगळलेल्या बाबी मोजक्या आहेत: प्रवासभत्ता किंवा प्रवास सवलतीचं मूल्य, मालकाने भरलेला पीएफ किंवा पेन्शनचा वाटा, आणि कामाच्या स्वरूपामुळे होणाऱ्या विशेष खर्चापोटी दिलेली रक्कम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, आणि तिच्यातली वेतनाची व्याख्या वेगळी आहे. म्हणून पॉलिसीची मुदत त्या तारखेच्या आधी संपली की नंतर, हे पाहूनच पुढचा हिशेब मांडा.

सावधान: ‘कायद्यात १५,००० रुपयांची मर्यादा आहे, म्हणून माणशी १५,०००च धरा’ हा युक्तिवाद करू नका. जानेवारी २०२० पासूनची ती मर्यादा भरपाई काढताना धरायच्या मासिक वेतनाची आहे. प्रीमियम पॉलिसीच्या अटीप्रमाणे प्रत्यक्ष दिलेल्या वेतनावर ठरतो. हा एक चुकीचा मुद्दा पत्रात शिरला की बाकीचे बरोबर मुद्देही संशयाने वाचले जातात.

टप्पा ३: कागद आधी, हिशेब नंतर

मुदतीतल्या बाराही महिन्यांचं पगारपत्रक लागेल, त्यात मूळ पगार, भत्ते आणि ओव्हरटाईमचे रकाने वेगळे हवेत. ईएसआयच्या संकेतस्थळावरून दर महिन्याचा वर्गणीचा तपशील काढा, ज्यात माणसाचं नाव, विमा क्रमांक आणि वेतन दिसतं. पीएफची महिनावार विवरणपत्रं, ‘पगार व मजुरी’ आणि ‘लेबर चार्जेस’ या दोन्ही खात्यांचे पूर्ण लेजर, कंत्राटदारांची बिलं आणि त्यांच्या पॉलिसीच्या प्रती हेही गोळा करा.

पीएफ विवरणपत्राची बेरीज ‘खरं वेतन’ म्हणून पुढे करण्याची चूक फार होते. बऱ्याच ठिकाणी पीएफ १५,००० रुपयांपर्यंतच्याच वेतनावर भरला जातो, त्यामुळे तिथला वर्गणीपात्र वेतनाचा आकडा पगारपत्रकापेक्षा कमी असतो. तो दाखवला की तपासनीस लगेच दोन्ही आकडे शेजारी ठेवतो. पीएफचा कागद नावं आणि संख्या सिद्ध करायला वापरा, रकमेसाठी नको.

तपासा: पॉलिसीची मुदत आर्थिक वर्षाशी जुळते का? पॉलिसी १६ ऑगस्टला सुरू होत असेल, तर ३१ मार्चचा ताळेबंद तिला लागूच नाही. मग दोन आर्थिक वर्षांच्या पगारपत्रकांतून मुदतीतले महिने उचलून, अर्ध्या महिन्यांची दिवसांप्रमाणे वाटणी करून बेरीज काढावी लागते. तपासनीस हे क्वचितच करतो, कारण त्याच्या हातात ताळेबंद असतो. पगारवाढीच्या वर्षात नुसत्या या एका दुरुस्तीनेही आकडा बराच बदलतो.

टप्पा ४: ‘पगार व मजुरी’ खात्याचा ताळमेळ

खात्याची बेरीज कंपनीने घेतलेल्या आकड्याशी आधी जुळवा, मग एकेक बाब खाली उतरवा. आपल्या उदाहरणात सुरुवात ८०,००,००० पासून.

पहिली वजावट भागीदारांच्या मेहनतान्याची, ६,००,०००. भागीदार हा फर्मचा कर्मचारी नव्हे, आणि त्याला पॉलिसीत जाहीरही केलेलं नाही. पुरावा म्हणून भागीदारी कराराचं संबंधित पान जोडा. (प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत पगारी संचालक असतील, तर हा मुद्दा इतका सरळ नाही. त्यांना जाहीर केलं होतं का ते आधी पाहा.)

दुसरी वजावट पीएफ आणि ईएसआयच्या मालक-वाट्याची, ५,३०,०००. हिशेबनीस सोयीसाठी ही रक्कम पगाराच्याच खात्यात टाकतात, आणि कामगाराच्या हातात न गेलेल्या या पैशावर विनाकारण प्रीमियम लागतो. पुराव्याला चलनं.

तिसरी, साइटवर जाण्या-येण्याचा प्रवासखर्च, १,८०,०००. इथे जरा प्रामाणिक राहा. बस, भाडं, पेट्रोल यांची व्हाउचरं असतील तरच हा खर्च प्रवासखर्च ठरतो. दर महिन्याला सगळ्यांना सारखाच ‘कन्व्हेयन्स’ पगारपत्रकातून दिला असेल, तर तो पगाराचाच भाग आहे असं कंपनी म्हणेल आणि तिथे वाद लांबेल.

चौथी वजावट सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत जास्त चुकणारी: ईएसआयखाली असलेल्या ६ हेल्परांचं वेतन, १३,२०,०००. या मुदतीला लागू असलेल्या ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे विमाधारक कामगाराला कामावरच्या इजेबद्दल मालकाकडून कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही. त्याचे लाभ ईएसआय देतं. म्हणून आपल्या युनिटने प्रपोजलमध्ये या सहा जणांना मुळातच धरलं नव्हतं. तपासनिसाने मात्र खात्याची बेरीज उचलताना त्यांनाही आत घेतलं.

इथे तपासनीस हमखास म्हणतो, ‘यातल्या एकाचा पगार काही महिन्यांत २७,००० दिसतो, ईएसआयची मर्यादा तर २१,००० आहे, मग हा आत कसा?’ त्याचं उत्तर असं. मर्यादा बघताना ओव्हरटाईम धरत नाहीत, पण वर्गणी मात्र या मुदतीत ओव्हरटाईम धरून भरली जायची. या माणसाचा ओव्हरटाईमशिवायचा पगार २०,५०० आहे, त्यामुळे तो ईएसआयमध्येच राहतो, मग हातात २७,००० का पडेनात. दुसरी गोष्ट, वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा सहा-सहा महिन्यांचा असतो. एखाद्याचा पगार जूनमध्ये वाढून २२,००० झाला, तरी तो ३० सप्टेंबरपर्यंत ईएसआयखालीच असतो आणि ऑक्टोबरपासून बाहेर येतो. अशा माणसाला वर्षभरासाठी कोणत्याही एका बाजूला टाकू नका. त्याचे पहिले सहा महिने ईएसआयच्या रकान्यात आणि पुढचे सहा डब्ल्यूसीच्या रकान्यात मांडा. हे महिनावार केलं नाही, तर एक तर तुम्ही जास्त भरता, नाहीतर ऑक्टोबरनंतर तो माणूस दोन्हीकडून उघडा पडतो आणि ते अपघात झाल्यावरच कळतं.

सावधान: तुम्ही प्रपोजलमध्ये ईएसआयवाल्यांनाही धरून वेतन जाहीर केलं होतं का? तसं असेल तर त्यांना फक्त तपासणीच्या आकड्यातून वगळून चालणार नाही. जाहीर वेतन आणि प्रत्यक्ष वेतन दोन्ही एकाच पायावर मांडावे लागतात. एका बाजूने माणसं काढायची आणि दुसऱ्या बाजूला ठेवायची, हे पहिल्या वाचनातच पकडलं जातं.

आता काय वजा करायचं नाही ते. पॉलिसीत ‘इतर कमाई’ हे शब्द असतील तर ओव्हरटाईम आत धरा. बोनसवर भांडण्याइतकी रक्कम आहे का ते पाहा, बहुतेकदा नसते. कामगारांना फुकट खोली आणि जेवण दिलं असेल, तर त्याचं मूल्य कंपनी धरू शकते, कारण ती पैशांत मोजता येणारी सवलत आहे. तपासनिसाने धरलं नसेल तर तो विषय तुम्ही काढण्याची गरज नाही, पण विचारलं तर नाकारूही नका. हॉटेलवाल्यांकडे ही रक्कम मोठी असते.

बेरीज-वजाबाकी करून उरतात ५३,७०,०००. त्यात वर्कशॉप आणि साइटचे १२ जण ४१,४०,०००, ऑफिसचे ३ जण १२,३०,०००. म्हणजे फरक निघतोच, ओव्हरटाईममुळे. तो लपवू नका. मान्य करण्यासारखं काही असलं की बाकीच्या हरकतींना वजन येतं.

टप्पा ५: ‘लेबर चार्जेस’ वेगळे फोडा

या खात्यात २२ लाख आहेत, पण नाव ‘लेबर’ असलं म्हणून सगळी मजुरी नव्हे. लेजर उघडल्यावर तीन गोष्टी दिसतात. ९ लाख सँडब्लास्टिंग आणि रंगकामाच्या कंत्राटदाराला, मालासकट, आणि त्याची स्वतःची डब्ल्यूसी पॉलिसी आहे. ५ लाख क्रेनचं भाडं, चालकासह. ८ लाख हेल्पर पुरवणाऱ्या ठेकेदाराला, ज्याच्याकडे पॉलिसीच नाही.

आपल्या युनिटने कंत्राटदाराच्या कामगारांसाठी वाढीव संरक्षण घेतलेलं नव्हतं. म्हणून उत्तर एका वाक्याचं: जी जोखीम या पॉलिसीत स्वीकारलेलीच नाही, तिचं वेतन प्रीमियमच्या पायात येत नाही, सबब २२ लाख पूर्ण वगळावेत. पण हे वाक्य लिहिण्याआधी त्याचा अर्थ समजून घ्या. या मुदतीला लागू असलेल्या १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ठेकेदाराचा माणूस तुमच्या कामावर जखमी झाला, तर भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येऊ शकते. त्या वर्षात असा अपघात झाला असेल, तर ‘हे कामगार आमच्या पॉलिसीत नाहीत’ हे तुमचंच लेखी वाक्य तुमच्या विरुद्ध उभं राहील. अपघात झालेला नसेल तरच बिनधास्त लिहा, आणि पुढच्या नूतनीकरणात त्या ८ लाखांच्या ठेकेदारासाठी संरक्षण घ्या. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली खरी धोक्याची जागा प्रीमियमचा फरक नसून हीच आहे.

वाढीव संरक्षण घेतलेलं असेल तर हिशेब बदलतो. मग पॉलिसीवाल्या कंत्राटदारासाठी त्याच्या पॉलिसीची प्रत जोडून वगळण्याची मागणी करा, पण तिची मुदत कामाच्या तारखा झाकते का ते पाहा. जानेवारीत सुरू झालेली पॉलिसी त्याआधीच्या नोव्हेंबरच्या कामाला चालत नाही. भाडं आणि माल बिलांवरून वेगळे काढा. पॉलिसी नसलेल्या ठेकेदाराचं मात्र बिल न धरता त्याच्या वेतनपत्रकातली मजुरी धरा, कारण बिलात त्याचं कमिशन आणि जीएसटीही असतो.

टप्पा ६: प्रत्येक वर्गाला त्याचाच दर

कंपनीने सगळा फरक दर हजारी १८ ने गुणला होता. ऑफिसच्या पगारवाढीला वेल्डरचा दर लावण्याचं कारण नाही. दुरुस्त हिशेब असा:

वर्कशॉप व साइट: ४१,४०,००० − ३६,००,००० = ५,४०,०००; दर हजारी १८ प्रमाणे ९,७२० रुपये.
ऑफिस: १२,३०,००० − १२,००,००० = ३०,०००; दर हजारी २ प्रमाणे ६० रुपये.
एकूण ९,७८०, जीएसटी १,७६०, देय ११,५४० रुपये.

१,१४,६९६ च्या जागी ११,५४०. ऑफिसचे ६० रुपये क्षुल्लक वाटतात, पण ते दाखवाच. वर्गवार हिशेब केल्याची ती खूण आहे.

तपासा: ऑफिसमधलं कोणी रोज साइटवर मापं घ्यायला जातं का? जात असेल तर त्याचा वर्ग कंपनी बदलू शकते, आणि तसं होणं रास्तही आहे.

टप्पा ७: पत्र

पत्र एका पानाचं, ताळमेळ दुसऱ्या पानावर, पुरावे त्यामागे क्रमांक टाकून. मुंबईच्या ऑफिसात फाइल फिरेल म्हणून पत्र इंग्रजीत गेलं तरी मजकुराचा सांगाडा हाच ठेवा:

विषय: पॉलिसी क्रमांक …, मुदत १.४.२०२४ ते ३१.३.२०२५, प्रीमियम समायोजनाबाबत आपलं दिनांक … चं पत्र.

१. समायोजनाची अट आम्हांस मान्य आहे. आपण धरलेल्या १०२ लाख रुपयांच्या वेतनात खालील बाबी चुकून समाविष्ट झाल्या आहेत. तपशील परिशिष्ट ‘अ’, पुरावे १ ते ९.
२. परिशिष्टाप्रमाणे देय वाढीव प्रीमियम जीएसटीसह ११,५४० रुपये. तो आज बँकेद्वारे भरला आहे, यूटीआर क्रमांक …. बाकी मागणीबाबतचे आमचे हक्क राखून ठेवले आहेत.
३. कृपया सुधारित हिशेब, प्रीमियम समायोजनाचं एंडोर्समेंट आणि कर बीजक द्यावं. एखादी वजावट अमान्य असल्यास ती बाबवार, पॉलिसीतील अटीच्या उल्लेखासह कळवावी.

तिसऱ्या मुद्द्याचं शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे कंपनीला नुसतं ‘अमान्य’ लिहून सुटता येत नाही. रक्कम भरण्याआधी शाखेकडून पॉलिसीला जोडलेलं पेमेंट लिंक किंवा खातं लेखी घ्या, नाहीतर पैसे ‘अनामत’ म्हणून पडून राहतात. बीजकावर तुमचा ३० ने सुरू होणारा गोव्याचा जीएसटी क्रमांक आहे ना, तेही पाहा. पत्राची एक प्रत पणजी किंवा मडगावच्या, म्हणजे ज्या शाखेने पॉलिसी दिली तिथे प्रत्यक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, आणि तीच पीडीएफ ईमेलने पाठवा.

सावधान: पूर्ण टॅली डेटा किंवा सगळ्या कामगारांची बँक खाती पाठवू नका. मागितलेल्या मुदतीतलं आणि ताळमेळाला लागतं तेवढंच द्या. अधिक पाहायचं असेल तर तुमच्या ऑफिसात येऊन पाहावं असं लिहा. अटीत तपासणीचा हक्क आहे, तो नाकारलेला दिसता कामा नये.

टप्पा ८: उत्तर आलं नाही किंवा तोच आकडा परत आला

तपासनिसाशी पुन्हा वाद घालू नका, हिशेब बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तेच पत्र, परिशिष्ट आणि शाखेचं उत्तर पाठवा, आणि विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा टोकन क्रमांक जपून ठेवा.

लेखी तक्रारीनंतर एक महिना उलटूनही उत्तर नसेल, किंवा आलेलं उत्तर पटत नसेल, तर विमा लोकपाल हा पुढचा रस्ता. भरलेल्या किंवा देय प्रीमियमबद्दलचे वाद लोकपालाच्या कक्षेत येतात, वकील लागत नाही आणि फीही नाही. मात्र व्यवसायांपैकी फक्त एकल मालकीचे उद्योग आणि सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतात, म्हणून उद्यम नोंदणीचा दाखला जोडा. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत तिथे जावं लागतं. त्याहून मोठ्या युनिटला ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय उरतं, आणि तिथे रकमेच्या मानाने खर्च परवडतो का हा हिशेब वेगळा.

मधल्या काळात नूतनीकरणाची तारीख आली आणि कंपनी ‘आधी थकबाकी भरा’ म्हणत अडली, तर पॉलिसी एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. दुसऱ्या कंपनीकडून पॉलिसी घ्या, किंवा वादातली रक्कम ‘निषेधासह व हक्क राखून’ असं लेखी कळवून भरा. नव्या प्रपोजलमध्ये वर्गवार वेतन ओव्हरटाईम धरून लिहा, ईएसआयवाले वगळले असल्याचं स्वच्छ नमूद करा आणि त्या फॉर्मची सही-शिक्क्याची प्रत आपल्या फाइलला लावा.